ड्रॉइंगमध्ये न मावणारा स्लॅब

आरसीसी कन्सल्टंटच्या ऑफिसातून साइटवर जे ड्रॉइंग जातं, त्यात स्लॅबची जाडी असते, सळ्यांचा व्यास असतो, दोन सळ्यांमधलं अंतर असतं. उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘जनरल नोट्स’ही असतात. त्या बहुतेक वेळा मागच्या कामाच्या ड्रॉइंगवरून जशाच्या तशा उचललेल्या असतात, त्यामुळे त्या कोणी वाचत नाही, आणि न वाचणाऱ्याला फार दोषही देता येत नाही. पण स्लॅब किती वजन धरून काढला आहे, कोणत्या दिवसापासून ते वजन पेलेल आणि काय बदललं तर आकडेमोड पुन्हा करावी लागेल, हे त्या कागदावर सहसा सापडत नाही. म्हणून काही कन्सल्टंट ड्रॉइंगसोबत दोन पानांची हँडओव्हर नोट देतात. ती साइट इंजिनिअर, ठेकेदार आणि मुकादम यांच्यासाठी असते.

अशा नोटमध्ये काय असायला हवं, हे एका नमुन्याच्या इमारतीवरून पाहू. तळमजला आणि वर तीन मजले, तालुक्याच्या गावात दिसते तशी साधी निवासी इमारत. खोली ३.६ मीटर बाय ४.८ मीटर, म्हणजे साधारण बारा बाय सोळा फूट. चारही बाजूंनी बीम, स्लॅब १२५ मिलीमीटर म्हणजे पाच इंची, काँक्रीट एम २५. समोर १.२ मीटर बाहेर आलेली बाल्कनी, तिच्या टोकाला लोखंडी रेलिंग.

नोटचा पहिला परिच्छेद वजनांचा. पाच इंची स्लॅबचं स्वतःचं वजन दर चौरस मीटरला सुमारे ३१० किलो भरतं. फरशी आणि तिच्याखालचा थर यांचे १०० किलो धरले. माणसं, कपाटं, पलंग यांच्यासाठी आयएस ८७५ राहत्या खोल्यांना २०० किलो धरायला सांगतं. हलक्या आडभिंतींसाठी आणखी १०० किलो. बेरीज ७१० किलो होते, आणि तिला दीडपट करून स्लॅबची ताकद ठरवली जाते.

यातले ३१० किलो स्लॅब स्वतःलाच वाहून नेण्यात खर्च करतो. उरलेले ४०० किलो ही दुसऱ्या कशासाठी तरी असलेली जागा. साइटवरच्या माणसाने लक्षात ठेवायचा आकडा हाच, आणि ड्रॉइंगमध्ये नेमका तोच नसतो.

आता याच स्लॅबवर प्लास्टरसाठी वाळू चढवली जाते. वाळूचा एक मीटर उंचीचा ढीग दर चौरस मीटरला दीड टनाहून जास्त वजन टाकतो, म्हणजे हिशेबात धरलेल्या जागेच्या जवळजवळ चौपट. विटांची छातीएवढी रास किंवा सिमेंटच्या दहा पोत्यांची चवड त्याच पंक्तीतली. ढीग लहान असला आणि बीमलगत असला तर स्लॅब तो निभावून नेतो. खोलीच्या मधोमध असला तर तळाशी केसासारख्या भेगा पडतात. प्लास्टर झालं की त्या दिसेनाशा होतात. चांगली नोट नुसतं ‘जास्त वजन ठेवू नये’ असं म्हणत नाही. ती म्हणते: वाळू वीतभरापेक्षा उंच नाही, पसरून, विटा बीमच्या रेषेवर, चार थरांपेक्षा उंच नाही, बाल्कनीवर काहीही नाही. एवढं नेमकं लिहिलं, तरच मुकादमाला ते पाळता येतं.

याहून अवघड प्रश्न वरच्या स्लॅबचा आहे. दुसरा स्लॅब भरताना त्याचं ओलं काँक्रीट स्वतःला पेलू शकत नाही. ३१० किलो काँक्रीट, ५० किलोंच्या आसपास सेंट्रिंग, आणि माणसं, घमेली, व्हायब्रेटर यांचे १५० किलो धरले तर ५१० किलो होतात. हे सगळं टेकूंमधून खालच्या स्लॅबवर उतरतं. खालच्या स्लॅबला तर, तो पूर्ण पिकल्यावरही, ४०० किलोच पेलायचे आहेत. फरशी आणि भिंती अजून झालेल्या नसल्या तरी त्यांची जागा त्या ४०० मध्येच आहे, वेगळी नाही. म्हणजे खालच्या स्लॅबचे टेकू काढून वरचा भरायला घेतला, तर हिशेब पहिल्याच दिवशी चुकतो. दीडपटीचा जो राखीव वाटा आहे, तो काँक्रीट थोडं कमी दर्जाचं निघालं, सळई जराशी सरकली, अशा गोष्टींसाठी ठेवलेला असतो. ठेकेदाराच्या वेळापत्रकासाठी नव्हे.

२ मार्च १९७३ रोजी अमेरिकेत, वॉशिंग्टनजवळच्या बेलीज क्रॉसरोड्स इथे हेच घडलं. स्कायलाइन प्लाझा या उंच इमारतीचा चोविसावा मजला भरला जात होता, आणि तेविसाव्या मजल्याच्या स्लॅबखालचे टेकू वेळेआधी काढलेले होते. ते काँक्रीट काही दिवसांचंच होतं आणि थंडीत सावकाश पिकत होतं. खांबांभोवती स्लॅब फाटला, आणि पडणाऱ्या मजल्यांनी खालचे मजले एकामागून एक तोडत जमीन गाठली. १४ कामगार मेले. तिथले स्लॅब बीमशिवाय थेट खांबांवर टेकलेले होते, त्यामुळे फाटण्याची तऱ्हा आपल्या नमुन्याच्या इमारतीत वेगळी असेल. टेकूंचा हिशेब मात्र तोच आहे.

मग टेकू किती दिवस ठेवायचे? आयएस ४५६ म्हणतं, साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू सात दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस. सहा मीटरपर्यंतच्या बीमचे चौदा. हे सात दिवस साइटवर सगळ्यांना पाठ असतात. त्यांच्या अटी कोणाच्या ध्यानात नसतात. हे आकडे साध्या ओपीसी सिमेंटचे आहेत आणि तापमान १५ अंशांच्या खाली जात नाही असं धरून दिलेले आहेत. आज बहुतेक साइटवर पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट येतं. त्याची शेवटची ताकद उत्तम असते, पण सुरुवातीची चाल मंद. त्याच नियमांत आणखी एक वाक्य आहे: पुढचं बांधकाम चालू असताना जे वजन येईल, तेही पेलतील एवढे टेकू शिल्लक ठेवले पाहिजेत. सात दिवसांची मुदत स्लॅबने स्वतःला पेलण्यापुरती आहे. वरचा मजला भरण्याची परवानगी त्यात नाही.

म्हणून नोटमध्ये लिहिलेलं असतं: सिमेंट पीपीसी धरलं आहे, स्लॅबचे टेकू किमान दहा दिवस, वरचा स्लॅब भरताना खालच्या दोन मजल्यांचे टेकू उभे असावेत आणि वरचा टेकू खालच्याच्या बरोबर डोक्यावर यावा. टेकू तिरक्या रेषेत आले, तर स्लॅबला जिथे सळई कमी आहे तिथे वजन टेकतं. टेकू एकदा काढून ‘परत लावले’ तर त्याचा अर्थही बदलतो, कारण मधल्या तासाभरात स्लॅब आपलं वजन उचलून थोडा खाली वाकलेला असतो. पहिल्या स्लॅबचे टेकू भरावाच्या मातीवर उभे असतील, तर खाली फळ्या हव्यात. एका पावसात भराव बसतो.

दिवस मोजण्यापेक्षा काँक्रीटची ताकद मोजणं केव्हाही बरं. त्यासाठी भरताना नेहमीच्या क्यूबांबरोबर तीन जादा क्यूब घ्यायचे आणि ते लॅबच्या टाकीत न ठेवता स्लॅबच्याच शेजारी, त्याच उन्हाथंडीत ठेवायचे. टाकीतला क्यूब काँक्रीट कसं आलं ते सांगतो. छतावरचा क्यूब स्लॅब आज कुठवर पिकला आहे ते सांगतो. टेकू काढायचा निर्णय दुसऱ्यावरून घ्यायचा.

बाल्कनीचा परिच्छेद वेगळा, कारण तिथे सगळं उलटं असतं. खोलीच्या स्लॅबला मुख्य सळई तळाला लागते. भिंतीतून बाहेर आलेल्या बाल्कनीला ती वरच्या अंगाला लागते, आणि भरायच्या दिवशी वरची सळईच सगळ्यांच्या पायाखाली येते. आपल्या बाल्कनीत वर २० मिलीमीटर कव्हर धरलं, तर सळई तळापासून १०० मिलीमीटर उंच राहायला हवी. घमेली घेऊन जाणाऱ्यांनी ती तुडवून ४० मिलीमीटर खाली दाबली, तर बाल्कनीची ताकद साधारण चाळीस टक्क्यांनी घटते. सळई तेवढीच, बिल तेवढंच, आणि ड्रॉइंगशी ताडून पाहिलं तर अंतरही बरोबर. काँक्रीट पडलं की डोळ्यांना काहीच कळत नाही. उपाय स्वस्त आहे: वरच्या सळईखाली दर मीटरला खुर्ची, चालायला फळ्यांची वाट, आणि भरताना बाल्कनीपाशी एक फिटर हजर. तो दबलेली सळई तिथल्या तिथे हुकाने उचलतो.

पुढे मालक येतो. रेलिंगऐवजी त्याला विटांचा कठडा हवा असतो. साडेचार इंची भिंत, मीटरभर उंच, दोन्हीकडून प्लास्टर: मीटरला पावणेतीनशे किलोच्या आसपास वजन, आणि तेही टोकाला, म्हणजे सगळ्यात जास्त ओढ देणाऱ्या जागी. हिशेब केला तर भिंतीपाशी बाल्कनीवरचा ताण जवळजवळ दीडपट होतो. एकटा कठडा आला, तर राखीव वाटा त्याला पोटात घेईल, आणि मग दुसऱ्या कशासाठी काही उरणार नाही. दबलेली सळई आणि कठडा एकत्र आले, तर दीडपट ताण साठ टक्के ताकदीवर पडतो, म्हणजे हिशेबाच्या अडीचपट, आणि बाल्कनी माणसांनी भरली त्या दिवशी हातात काहीच राहत नाही. चिन्हं दिसली तर वरच्या अंगाला दिसतात: भिंतीलगत, भिंतीला समांतर जाणारी भेग आणि किंचित झुकलेलं टोक. खालून पाहणाऱ्याला छत स्वच्छ दिसतं, म्हणून ती भेग फरशीच्या सांध्याची समजून सिमेंटने भरली जाते. शंका आली तर सळई शोधणाऱ्या कव्हर मीटरने वरून तिची खोली मोजता येते, तोडफोड न करता.

बाल्कनीचे टेकू काढण्याचा क्रमही नोटमध्ये असतो: टोकापासून भिंतीकडे. खोलीचे मधून कडेला. उलटं केलं, तर काही मिनिटांपुरता स्लॅब अशा जागी टेकतो, जिथे टेकण्यासाठी तो काढलेलाच नाही.

शेवटी मर्यादांची यादी, आणि ती छोटीच असते. रेलिंगच्या जागी भिंत, ठरलेल्या जागेबाहेर विटांची आडभिंत, टॉयलेटच्या सखल स्लॅबमध्ये हलक्या भरावाऐवजी मुरूम, गच्चीवर जादा टाकी, आणि डक्टसाठी किंवा पाइपसाठी ड्रॉइंगमध्ये नसलेलं मोठं भोक. यांतलं काहीही करायचं झालं, तर आधी कन्सल्टंटला फोन करायचा आणि लेखी उत्तर येईपर्यंत काम थांबवायचं. काही कन्सल्टंट दोन थांबेही ठरवून देतात: सळई बांधून झाल्यावर काँक्रीटची गाडी बोलावण्याआधी, आणि टेकू काढण्याआधी. दोन्ही वेळी फोटो पाठवायचे. बाल्कनीच्या सळईचा फोटो टेप लावून, वरून नव्हे तर बाजूने, म्हणजे तिची उंची दिसेल.

आणि ही नोट मराठीत किंवा इंग्रजीत लिहून भागत नाही. सळई बांधणारे आणि काँक्रीट ओतणारे हात बऱ्याचदा बिहारचे, उत्तर प्रदेशचे किंवा बंगालचे असतात. टेकूंचे दिवस, ढिगाची उंची आणि बाल्कनीच्या वरच्या सळईचं रेखाचित्र, एवढं एका पानावर हिंदीत मोठ्या अक्षरांत काढून ते सिमेंटच्या गोदामाच्या दारावर चिकटवलेलं असेल, तर मुकादम बदलला तरी पुढच्या स्लॅबला ते वाचणारा कोणीतरी असतो.