मार्चअखेरची मोजणी की रोजची?

मार्च संपत आला की भिवंडीतल्या गोदामांच्या पट्ट्यात ठिकठिकाणी तीच गडबड सुरू होते. माल मोजायचा म्हणून दोन-तीन दिवस डिस्पॅच बंद ठेवला जातो. गाड्या बाहेर उभ्या राहतात, ग्राहकांचे फोन येत राहतात आणि ज्यांनी वर्षभर रॅककडे फिरकूनही पाहिलेले नसते अशी ऑफिसातली माणसेही याद्या हातात घेऊन माल मोजायला येतात. शेवटी ‘सिस्टिममध्ये इतका, प्रत्यक्षात इतका’ असा तक्ता तयार होतो, फरकाच्या नोंदी टाकल्या जातात आणि पुस्तके जुळतात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हिशेब बऱ्यापैकी खरा असतो. जून-जुलैपर्यंत तो पुन्हा बिघडलेला असतो.

असे होते, कारण वर्षाकाठची मोजणी आकडा दुरुस्त करते. तो आकडा ज्या कामातून चुकला, ते काम तसेच चालू राहते. याला पर्याय म्हणून अनेक गोदामे ‘सायकल काउंट’ करतात, म्हणजे रोज थोड्या वस्तू मोजायच्या आणि वर्षभरात सगळे गोदाम मोजून काढायचे.

रोज किती मोजायचे?

दुचाकीचे सुटे भाग पुरवणारे एक गोदाम डोळ्यांसमोर आणू. हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडे मी ठरवले आहेत. तिथे ४,००० प्रकारच्या वस्तू आहेत. त्या सगळ्या सारख्याच वेळा मोजण्यात अर्थ नाही, म्हणून त्यांचे तीन गट करायचे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या फोर्ड डिकी यांनी १९५१ मध्ये मांडलेली ही ‘एबीसी’ विभागणी आजही जगभर वापरली जाते. वर्षभरात ज्या वस्तूंच्या उलाढालीत सर्वाधिक पैसा फिरतो त्या थोड्या वस्तू ‘ए’ गटात, मधल्या ‘बी’मध्ये आणि संख्येने भरपूर पण किमतीने किरकोळ अशा वस्तू ‘सी’मध्ये जातात.

आपल्या गोदामात ४०० वस्तू ‘ए’, १,००० ‘बी’ आणि २,६०० ‘सी’ गटात आहेत असे धरू. ‘ए’ वस्तू वर्षातून सहा वेळा, ‘बी’ दोनदा आणि ‘सी’ एकदा मोजायच्या ठरवल्या, तर २,४००, २,००० आणि २,६०० मिळून वर्षाला ७,००० मोजण्या होतात. कामाचे दिवस २८० धरले तर रोज २५ वस्तू येतात. एका वस्तूला पाच मिनिटे लागली तरी हे एका माणसाचे दोन-सव्वादोन तासांचे काम आहे. सकाळी माल काढायला सुरुवात होण्याआधी ते उरकता येते आणि त्यासाठी गोदाम एक दिवसही बंद ठेवावे लागत नाही.

हा हिशेब मांडला की बहुतेकांना वाटते, एवढ्यासाठीच ही पद्धत चांगली. खरा फायदा मात्र वेगळाच आहे आणि तो एखादा फरक सापडतो तेव्हा कळतो.

चोवीस फिल्टर कुठे गेले?

एका सकाळी ऑइल फिल्टरची पाळी येते. मोजणाऱ्याच्या स्कॅनरवर वस्तूचे नाव आणि रॅकचा पत्ता दिसतो, पण सिस्टिममधला आकडा मुद्दाम दाखवलेला नसतो. आकडा समोर असला की माणूस नकळत तोच मोजतो. मोजून ३१६ भरतात. सिस्टिम म्हणते ३४०. दुसरा माणूस पुन्हा मोजतो, तेव्हाही ३१६ च.

आता पहिला मोह होतो, तो आकडा लगेच बदलून मोकळे होण्याचा. तो आवरायला हवा. आधी पाहायचे की माल वाटेत तर नाही ना? समजा, २४ फिल्टर कोणीतरी ऑर्डरसाठी काढून पॅकिंगच्या टेबलावर ठेवले आहेत आणि बिल दुपारी होणार आहे. अशा वेळी सकाळी २४ ची तूट टाकली, तर दुपारी बिलाबरोबर आणखी २४ वजा होतील आणि बरोबर असलेला हिशेब मोजणीमुळेच बिघडेल. नव्याने सायकल काउंट सुरू केलेल्या गोदामांत ही चूक फार होते. रोज मोजूनही आकडे सुधारत नसतील, उलट एकाच वस्तूत आज तूट आणि पुढच्या मोजणीत तेवढीच वाढ दिसत असेल, तर शंका इथेच घ्यावी.

आपल्या फिल्टरच्या बाबतीत टेबलावर काही नाही. शेजारच्या खणांतही चुकून ठेवलेले नाहीत. मग सिस्टिममधल्या नोंदी काढायच्या. हा फिल्टर दोन महिन्यांपूर्वी मोजला होता आणि तेव्हा आकडा जुळला होता. म्हणजे चूक या दोन महिन्यांतली आहे आणि चाळायला नोंदीही मोजक्याच आहेत. त्यांत एक आवक दिसते, १२ खोके, १४४ नग. पुरवठादाराचे चलान काढून पाहिले तर त्यावर १२ खोके, १२० नग. पूर्वी एका खोक्यात १२ फिल्टर येत, आता १० येतात. पॅकिंग बदलले, पण सिस्टिममधला ‘एक खोके म्हणजे १२’ हा हिशेब कोणी बदलला नाही. बारा खोक्यांमागे दोन-दोन मिळून २४ फिल्टर कागदावर आले आणि गोदामात आलेच नाहीत.

आता तीन कामे होतात. आकडा ३१६ होतो. खोक्याचा हिशेब १० वर येतो. आणि त्याच पुरवठादाराच्या बाकीच्या वस्तूंचे पॅकिंग बदलले आहे का, हे त्याच दिवशी तपासले जाते. यापुढच्या सगळ्या आवकी बरोबर चढतात.

हाच फरक मार्चमध्ये सापडला असता तर? तोवर अशा अनेक आवकी चढल्या असत्या, मध्येच एखाद्या ग्राहकाला दुसराच फिल्टर गेला असता, परत आलेला माल भलत्याच खणात पडला असता. सगळ्या चुका मिळून एकच आकडा उरला असता आणि त्यातली कोणती कुठली हे सांगता आले नसते. मग तो आकडा ‘तूट’ म्हणून लिहून टाकला जातो आणि संशय गोदामात राबणाऱ्या माणसांवर जातो. शिवाय माल हरवला असे दाखवून निर्लेखित केला, तर जीएसटी कायद्यानुसार त्यावर घेतलेली कराची वजावट परत करावी लागते. इथे तर माल हरवलेलाच नव्हता.

रुपये जुळले म्हणजे साठा जुळला असे नाही

वार्षिक मोजणीनंतर बरेच मालक विचारतात, “एकूण फरक किती रुपयांचा?” तो थोडा असला की समाधान मानले जाते. पण एकसारख्या दिसणाऱ्या दोन फिल्टरपैकी एकाचे ३० नग जास्त आणि दुसऱ्याचे ३० कमी असले, आणि किंमत सारखी असली, तर रुपयांतला फरक शून्य येतो. चुकीच्या नोंदी मात्र दोन असतात. ज्याचे नग कमी आहेत त्याची ऑर्डर घेतली जाते आणि ग्राहकाला ऐनवेळी नकार द्यावा लागतो.

म्हणून अचूकता मोजायची ती नोंदींवरून. आज २५ वस्तू मोजल्या, २२ जुळल्या, तर आजची अचूकता ८८ टक्के. वजनावर मोजल्या जाणाऱ्या स्क्रू-वॉशरना थोडी सूट द्यावी, महागड्या वस्तूंना जवळपास नाही. उत्पादन नियोजनाच्या क्षेत्रात किमान ९५ टक्के नोंदी जुळाव्यात असे मानले जाते. हे सोपे नाही. निकोल डीहोरेशियस आणि अनंत रमण यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका मोठ्या अमेरिकी विक्रेत्याच्या ३७ दुकानांतल्या सुमारे ३ लाख ७० हजार नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांतल्या ६५ टक्के चुकीच्या निघाल्या. ती दुकाने होती, गोदामे नव्हेत, पण संगणकावरच्या आकड्यावर डोळे मिटून विसंबू नये एवढे त्यातून नक्की कळते.

रोजच्या मोजणीला काय सापडत नाही?

यादी वस्तूंप्रमाणे काढली, तर मोजणारा सिस्टिमने सांगितलेल्या खणाकडेच जातो. वरच्या रॅकवर विसरून राहिलेले पॅलेट सिस्टिमला ठाऊकच नसते, त्यामुळे तिथे कोणी पोहोचत नाही. यावर उपाय म्हणून रोजच्या यादीत काही खणही घालावेत आणि त्या खणात जे असेल ते सगळे मोजावे. रिकामे दाखवलेले खण तर आवर्जून पाहावेत. ते पाहायला काही सेकंद लागतात आणि त्यांत कधी कधी हरवलेला माल मिळतो.

खणांना पत्तेच नसतील किंवा आवक-जावकीच्या नोंदी दुसऱ्या दिवशी चढत असतील, तर ही पद्धत उपयोगाची नाही. आधी ते सुधारावे. ज्याच्या ताब्यात माल आहे, त्यानेच मोजायचे आणि त्यानेच आकडा बदलायचा, असेही नसावे.

मग मार्चअखेरची मोजणी बंद करावी का? लगेच नको. कंपन्यांच्या लेखापरीक्षकांना २०२० च्या आदेशानुसार असे नमूद करावे लागते की, व्यवस्थापनाने साठ्याची प्रत्यक्ष तपासणी वाजवी कालावधीने केली का, तिची व्याप्ती आणि पद्धत योग्य होती का, आणि साठ्याच्या एखाद्या वर्गात १० टक्के किंवा त्याहून अधिक तफावत आढळली का. वर्षातून एकदा सगळे बंद ठेवूनच मोजा, असे त्यात म्हटलेले नाही. पण रोजच्या मोजणीच्या नोंदी, फरकांची कारणे आणि मंजुऱ्या नीट ठेवल्या, तरच लेखापरीक्षक तिच्यावर भरवसा ठेवू शकतो. नवे सॉफ्टवेअर घेताना किंवा हिशेब पार कोलमडला असताना मात्र एकदा पूर्ण मोजणीच करावी लागते, कारण रोजच्या मोजणीला सुरुवात कुठून तरी खऱ्या आकड्यावरून व्हावी लागते.

ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांनी एकदम ४,००० वस्तूंना हात घालू नये. तिन्ही गटांतल्या मिळून ५० वस्तू निवडाव्यात आणि काही आठवडे त्याच पुन्हा पुन्हा मोजाव्यात. काल जुळलेली वस्तू आज जुळली नाही, तर चूक कालपासून आजपर्यंतच्या मोजक्या नोंदींतच असते आणि ती शोधता येते. प्रत्येक फरकापुढे कारण लिहावे. त्या ५० वस्तू सलग जुळू लागल्या की मगच पुढचे गट घ्यावेत. आणि ज्या दिवशी फरक सापडेल, त्या दिवशी ‘कोणी केले?’ असे न विचारता ‘कुठल्या कामात झाले?’ असे विचारावे. माणसे घाबरली की मोजणीचे कागद जुळू लागतात, पण माल जुळत नाही.