लिटलचा नियम

'''लिटलचा नियम''' हा रांग सिद्धान्तातील एक मूलभूत नियम आहे. एखाद्या व्यवस्थेत सरासरी किती घटक असतात, ते कोणत्या दराने येतात आणि प्रत्येक घटक तेथे सरासरी किती वेळ राहतो, या तीन राशींचा संबंध तो सांगतो. ट्रकच्या आवाराला लावल्यास नियमाचे रूप असे होते: आवारातील ट्रकांची सरासरी संख्या ही ट्रक येण्याचा सरासरी दर आणि एका ट्रकचा आवारातील सरासरी मुक्काम यांच्या गुणाकाराइतकी असते.

```
L = λ × W
```

येथे L ही आवारातील ट्रकांची सरासरी संख्या, λ (लॅम्डा) हा दर तासाला येणाऱ्या ट्रकांचा सरासरी दर आणि W हा सरासरी मुक्काम तासांत आहे. तीनपैकी दोन राशी मोजल्या की तिसरी गणिताने मिळते. प्रत्येक ट्रकच्या येण्या-जाण्याची वेळ नोंदवणे कठीण असते, पण फाटकावरून दिवसात किती ट्रक आले आणि आवारात किती उभे आहेत हे मोजणे सोपे असते. त्यामुळे व्यवहारात नियमाचा उपयोग बहुधा मुक्काम काढण्यासाठी होतो.

== इतिहास ==

हे सूत्र सिद्ध होण्याआधीपासून वापरात होते. अमेरिकन शास्त्रज्ञ फिलिप मॉर्स यांनी १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या रांगांविषयीच्या आपल्या पुस्तकात त्याची चर्चा केली आणि ते कोणत्या परिस्थितीत लागू पडत नाही हे शोधण्याचे आव्हान वाचकांपुढे ठेवले. जॉन लिटल यांनी १९६१ साली त्याची सर्वसाधारण सिद्धता प्रसिद्ध केली, म्हणून नियमाला त्यांचे नाव मिळाले. पुढे शेलर स्टिडहॅम यांनी १९७४ साली अधिक सोपी सिद्धता दिली. तिच्यात संभाव्यतेच्या गृहीतकांऐवजी दीर्घकालीन सरासऱ्यांचाच आधार घेतलेला आहे.

== नियम खरा का ठरतो ==

नियमाच्या मुळाशी एकच राशी दोन रीतींनी मोजण्याची कल्पना आहे. ती राशी म्हणजे 'ट्रक-तास'. एक ट्रक तीन तास थांबला तर तीन ट्रक-तास झाले, आणि तीन ट्रक एक तास थांबले तरीही तीनच झाले.

पुढील तक्त्यात एका लहान आवारातील सकाळी ६ ते दुपारी १२ या सहा तासांची नोंद आहे. सुरुवातीला आणि शेवटी आवार रिकामे आहे.

| ट्रक | आत | बाहेर | मुक्काम (तास) |
|---|---|---|---|
| पहिला | ६.०० | ८.०० | २ |
| दुसरा | ६.३० | ९.३० | ३ |
| तिसरा | ७.०० | ९.०० | २ |
| चौथा | ८.०० | ११.०० | ३ |
| पाचवा | ९.३० | ११.३० | २ |

ट्रकनिहाय बेरीज केल्यास एकूण १२ ट्रक-तास होतात. आता ट्रकांकडे न पाहता घड्याळाकडे पाहून तीच मोजणी करता येते. ६.०० ते ६.३० पर्यंत आवारात एक ट्रक होता, ७.०० पर्यंत दोन, ९.०० पर्यंत तीन, ११.०० पर्यंत दोन, ११.३० पर्यंत एक आणि त्यानंतर एकही नाही. या संख्यांना त्या त्या कालावधीने गुणल्यास ०.५ + १ + ६ + ४ + ०.५, म्हणजे पुन्हा १२ ट्रक-तासच येतात.

घड्याळाच्या बाजूने १२ ला ६ तासांनी भागल्यास आवारातील सरासरी संख्या २ मिळते. ट्रकांच्या बाजूने १२ ला ५ ट्रकांनी भागल्यास सरासरी मुक्काम २.४ तास मिळतो. येण्याचा दर ताशी ५/६ ट्रक आहे आणि ५/६ × २.४ = २. या मोजणीत ट्रक ठरावीक अंतराने यावेत किंवा पहिला आलेला पहिला बाहेर जावा अशी कोणतीही अट घातलेली नाही. वरील तक्त्यातच तिसरा ट्रक दुसऱ्याच्या आधी बाहेर पडला आहे.

== उदाहरण: साखर कारखान्याचे आवार ==

महाराष्ट्रात गाळप हंगामात साखर कारखान्यांच्या आवारात उसाने भरलेल्या ट्रकांच्या रांगा लागतात. तोडलेल्या उसाचे वजन बाष्पीभवनाने घटत जाते आणि त्यातील साखरेचे विघटन होऊ लागते. शेतकऱ्याला दर मिळतो तो काट्यावर भरलेल्या वजनावर, त्यामुळे काट्याआधीच्या प्रत्येक तासाची घट त्याच्या अंगावर पडते. साखरेच्या विघटनाची झळ कारखान्याच्या उताऱ्याला बसते. म्हणून येथे मुक्काम किती आणि तो कोठे होतो, या दोन्ही गोष्टी कळणे गरजेचे असते.

उदाहरणादाखल असा कारखाना घेऊ, जो दिवसाला २८८ ट्रक ऊस गाळतो. एका ट्रकमध्ये १६ टन ऊस धरल्यास हे दिवसाला ४,६०८ टन गाळप झाले. ट्रक येण्याचा सरासरी दर ताशी १२ आहे. आठवडाभर रात्रंदिवस दर तासाला मोजणी केल्यावर आवारात सरासरी ९६ ट्रक आढळले. तेव्हा

```
W = L / λ = 96 / 12 = 8 तास
```

म्हणजे फाटकातून आत आल्यापासून रिकामा होऊन बाहेर पडेपर्यंत ट्रक सरासरी आठ तास अडकतो.

=== मुक्कामाची विभागणी ===

नियम संपूर्ण आवाराला लागू पडतो, तसाच आवाराच्या प्रत्येक भागालाही स्वतंत्रपणे लागू पडतो. ट्रकची नोंद होऊन क्रमांक मिळाला की तो तळावर थांबतो. पाळी आल्यावर भरलेल्या वजनाच्या काट्यावर जातो, तेथून गव्हाणीवर ऊस उतरवतो आणि शेवटी रिकाम्या वजनाच्या काट्यावरून बाहेर पडतो. प्रत्येक ट्रक या सर्व टप्प्यांतून जात असल्याने प्रत्येक टप्प्याचा दर ताशी १२ च राहतो.

भरलेल्या काट्यावर, वजन चालू असलेला धरून, सरासरी ३ ट्रक आढळल्यास तेथील वेळ ३/१२ तास, म्हणजे १५ मिनिटे होतो. गव्हाणीपाशी सरासरी ४ ट्रक असल्यास २० मिनिटे आणि रिकाम्या काट्यावर सरासरी १ ट्रक असल्यास ५ मिनिटे लागतात. या तीन ठिकाणी मिळून ८ ट्रक आहेत. उरलेले ८८ तळावर उभे आहेत. त्यांचा तेथील मुक्काम ८८/१२ तास, म्हणजे ७ तास २० मिनिटे. सर्व टप्प्यांची बेरीज पुन्हा ८ तास येते.

या विभागणीतून एक उपयुक्त निष्कर्ष निघतो. भरलेल्या वजनासाठी दुसरा काटा बसवला तर त्या टप्प्यावरील जास्तीत जास्त १५ मिनिटे वाचतील, आणि गाळपाचा वेग तोच राहिला तर तेवढाच वेळ ट्रक तळावर अधिक थांबतील. काट्यापुढची रांग डोळ्यांना दिसते, पण वेळ जातो तो तळावर.

=== मुक्काम कमी करण्याचे मार्ग ===

दीर्घकाळात येणारे ट्रक आणि बाहेर पडणारे ट्रक यांचा दर सारखाच असावा लागतो, आणि बाहेर पडण्याचा दर गाळपक्षमतेने ठरतो. दर ताशी १२ वर स्थिर असेल, तर मुक्काम आठ तासांवरून चारवर आणण्याचा एकच अर्थ होतो: आवारातील सरासरी संख्या ९६ वरून ४८ वर आणणे. हे शेताच्या टोकाला, तोडणीचा कार्यक्रम गाळपाच्या वेगाशी जुळवूनच साधते. फाटक बंद करून ४८ पेक्षा अधिक ट्रक आत न घेतल्यास आवाराचा आकडा सुधारतो, पण उरलेले ४८ ट्रक रस्त्यावर उभे राहतात. हद्द रस्त्यापर्यंत वाढवून मोजल्यास मुक्काम पुन्हा आठ तासच भरतो.

संख्या शून्याजवळ आणणेही इष्ट नसते. तोडणी मुख्यतः दिवसा होते आणि गाळप चोवीस तास चालते. तळावर पुरेसा ऊस नसल्यास गव्हाण रिकामी पडून कारखाना थांबतो, आणि मग दरच घटतो.

== मोजणीतील चुका ==

सर्वांत जास्त घोटाळा हद्दीचा होतो. वरील कारखान्यात काट्याच्या पावत्यांवरून भरलेले वजन झाल्यापासून रिकामे वजन होईपर्यंतचा काळ काढल्यास तो सुमारे २५ मिनिटे येतो, तर फाटकातील मोजणीतून आठ तास येतात. यात नियम चुकत नाही. पावत्यांची हद्द भरलेल्या काट्यापाशी सुरू होते आणि त्याआधीचा तळावरील सर्व काळ तिच्या बाहेर राहतो. संख्या, दर आणि मुक्काम या तिन्ही राशी एकाच हद्दीच्या असल्या पाहिजेत.

दुसरी चूक सरासरी संख्येची असते. समजा रात्री ९ वाजता आवारात १४० ट्रक आणि सकाळी ९ वाजता ५२ ट्रक असतात. फक्त रात्रीची मोजणी केल्यास मुक्काम ११ तास ४० मिनिटे भासतो, तर फक्त सकाळची केल्यास ४ तास २० मिनिटे. L ही संपूर्ण काळावरची सरासरी असल्याने मोजणी दिवसाच्या सर्व प्रहरांत, सारख्या अंतराने आणि पूर्ण दिवसांच्या पटीत करावी लागते.

== मर्यादा ==

नियम वरील सोप्या रूपात वापरण्यासाठी व्यवस्था स्थिर असावी लागते, म्हणजे संख्या सतत वाढत किंवा घटत नसावी. समजा एके दिवशी ताशी १५ ट्रक आले आणि ताशी १२ च बाहेर पडले. चोवीस तासांत आवारातील संख्या ९६ वरून १६८ होते आणि सरासरी १३२ येते. तिला येण्याच्या दराने भागल्यास ८.८ तास मिळतात, तर जाण्याच्या दराने भागल्यास ११ तास. दोन दरांनी दोन उत्तरे मिळणे हीच अस्थिरतेची खूण आहे. क्रमाने पाळी लागत असेल आणि बाहेर पडण्याचा दर ताशी १२ च राहिला, तर त्या दिवशी आरंभी आलेला ट्रक ८ तास थांबेल आणि शेवटी आलेला १४ तास. अशा वेळी एखादी लहान कालावधीची सरासरी सांगण्यापेक्षा येणे-जाणे समतोल असलेला दीर्घ काळ निवडणे योग्य ठरते, किंवा प्रत्येक ट्रकच्या वेळा प्रत्यक्ष नोंदवाव्या लागतात.

नियम केवळ सरासरी सांगतो. मुक्कामातील तफावत सांगत नाही. निम्मे ट्रक २ तास आणि निम्मे १४ तास थांबले तरी सरासरी ८ तासच येते, पण १४ तास थांबलेल्या ट्रकांतील उसाची घट त्या आकड्यात दिसत नाही. यावर एक उपाय असा की ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉली आणि बैलगाड्या यांची संख्या व दर वेगवेगळे मोजून प्रत्येक प्रकाराला नियम स्वतंत्रपणे लावावा. त्यामुळे कोणत्या प्रकारच्या वाहनाची पाळी मागे पडते हे तरी स्पष्ट होते. एकाच प्रकारातील तफावतीसाठी मात्र प्रत्यक्ष नोंदींना पर्याय नाही.