एका खोलीतले पाचजण

वसतिगृहातल्या मित्रांवर कथा किंवा एकांकिका लिहावी असे पुष्कळ तरुणांना वाटते. कामगार वस्तीतल्या आमच्या नाट्यमंडळातही दरवर्षी कोणीतरी असे बाड घेऊन येतो. त्यात पाच मुले असतात. एक विनोदी, एक अभ्यासू, एक प्रेमात पडलेला, एक गरीब, एक श्रीमंत. पाचही जण बोलू लागले की मात्र एकच माणूस पाच टोप्या बदलून बोलत असल्याचा भास होतो. आम्ही हे दुसऱ्याला हसण्यासाठी सांगत नाही. आमची स्वतःची पहिली एकांकिका अशीच होती. तिच्यातली पाचही मुले आमच्या द्वारसभेतल्या भाषणासारखी बोलत. एका विडी कामगार बाईंनी प्रयोगानंतर विचारले, "दादा, त्यातला चहा कोणी सांडला हो? मला सगळे तुम्हीच वाटलात." त्या प्रश्नाने आमचे शिक्षण सुरू झाले. त्यातून जे थोडे कळले ते आज मांडतो.

मराठीत वसतिगृह म्हटले की आधी आठवते ती भालचंद्र नेमाडे यांची १९६३ सालची 'कोसला'. पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्याला येतो, वसतिगृहात राहतो, आणि ते सारे जग आपल्याला त्याच्या बोलण्यातून कळते. त्याचे 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' ही तर त्याची ओळखच झाली आहे. मात्र तिथे आवाज एकाचा आहे आणि बाकीचे मित्र त्या आवाजाच्या उजेडात दिसतात. सुहास शिरवळकरांच्या 'दुनियादारी'त श्रेयस हा नवखा मुलगा पुण्यातल्या कट्ट्यावर येतो. नवखा आला की जुन्यांना आपली ओळख करून द्यावी लागते, आणि लेखकाची मोठी सोय होते. पण पाच जणांना समान हक्काने उभे करायचे, कोणालाही 'मी' म्हणून गोष्ट सांगू द्यायची नाही, हे काम या दोन्हींहून निराळे आहे. आम्ही त्याविषयीच बोलतो आहोत.

पाचच का? संघटनेत काम करणाऱ्याला याचे उत्तर लगेच सुचते. चार जणांत दोन विरुद्ध दोन झाले की बैठक तिथेच थिजते. पाच जणांत निकाल लागतोच. तीन एका बाजूला, दोन दुसऱ्या. म्हणजे प्रत्येक तंट्यात कोणीतरी अल्पमतात जाते, आणि मधल्या एकाला दोन्ही बाजू ओढत राहतात. गोष्ट त्या ओढाताणीवर चालते. आणखी एक हिशेब पाहा. पाच जणांत दहा जोड्या होतात. दहाही जोड्यांचे नाते रंगवू गेलात तर प्रेक्षक घरी जातील. तीन-चार जोड्या घट्ट धराव्यात, बाकीच्या सैल सोडाव्यात. कोणत्या घट्ट धरायच्या हे गुपितांवरून ठरते, ते पुढे येईल.

आता प्रत्यक्ष एक खोली घेऊ. गाव सोलापूर, साल १९९४. मोबाइल खिशात आलेला नाही, वसतिगृहात एकच फोन आहे आणि तो रेक्टरच्या खोलीत. आम्ही मुद्दामच हे साल घेतले. घरचा फोन चारचौघांत घ्यावा लागला की अर्धे बोलणे ऐकू जाते आणि उरलेले अर्धे ऐकणारा मनाने भरतो. खोलीत पाच खाटा. अक्कलकोट तालुक्यातला शेतकऱ्याचा मुलगा मल्लिनाथ, घरी कानडी. पंढरपूरच्या कुंकू-बुक्क्याच्या दुकानातला नामदेव. बार्शीच्या एस.टी. कंडक्टरचा मुलगा रफिक, घरी दख्खनी. करमाळ्याच्या शाळामास्तरांचा अनंत. आणि श्रीनिवास, घरी तेलुगू, वडील यंत्रमागावर.

इथे ऐकणाऱ्याने आम्हाला अडवले पाहिजे. श्रीनिवासचे घर सोलापुरातच, पूर्वभागात. मग तो वसतिगृहात कशाला? आम्हालाही हा प्रश्न पडला, आणि त्याचे उत्तर शोधताना पात्र हाती लागले. घर एका खोलीचे, माग घराच्या भिंतीला लागून, रात्रभर खडखडाट. तिथे अभ्यास होत नाही म्हणून तो इथे राहतो. पण राहण्याचा खर्च कोण देणार? म्हणून आठवड्यातून तीन रात्री तो गुपचूप जाऊन तोच माग चालवतो. ज्या आवाजापासून पळाला, त्याच आवाजाने त्याची खाट भाड्याने घेतली आहे. एक अडचणीचा प्रश्न टाळला असता तर हे सापडले नसते.

पाच घरच्या भाषा मिळाल्या म्हणजे पाच आवाज मिळाले, असे समजू नये. सोलापुरात ही चूक फार सोपी आहे. कानडी आणि तेलुगू या दोन्ही भाषांत निर्जीव वस्तूंना आपल्यासारखे तो-ती नसते, म्हणून त्या घरचा माणूस मराठी बोलताना लिंगात चुकतो. हे खरे आहे, पण तेवढ्यावर पात्र उभे केले तर लोक पाच मिनिटे हसतात आणि नंतर त्या मुलाचे दुःखही त्यांना हसण्यासारखे वाटते. 'बे' तर सारे सोलापूरच म्हणते, त्याने कोण वेगळा ठरणार? उच्चाराची चव मिठाइतकी ठेवावी. आवाज याहून खोल असतो.

आम्हाला तो मजुरीच्या वाटाघाटीत ऐकू आला. माणूस कशात मोजतो हे ऐका. कारखानदार मीटरमध्ये बोलतो, कामगार रात्रींमध्ये, कामगाराची बायको किलोमध्ये. रक्कम एकच, मापे तीन. आमच्या पाचांनाही आम्ही अशी मापे दिली. मल्लिनाथ पावसात आणि पोत्यांत मोजतो. नामदेव वारीच्या गर्दीत. रफिक मिनिटांत, कारण वडिलांचे आयुष्य फेऱ्यांच्या वेळापत्रकात गेले. अनंत गुणांत आणि पुराव्यात. श्रीनिवास रात्रींत. मापाबरोबर दुसरी गोष्ट येते, प्रश्न टाळण्याची रीत. मल्लिनाथ अडचण आली की हवामानावर जातो, नामदेव औदार्य दाखवतो, रफिक विषय बदलतो. अनंत स्वतःच दुसरा प्रश्न विचारतो. श्रीनिवासला मात्र टाळता येत नाही, तो गप्प बसतो, आणि बोलला की चुकतो.

आता गुपिते. प्रत्येकाला एक गुपित द्या असा सल्ला सगळेच देतात. पण एकाची बहीण आजारी, दुसऱ्याचे पत्रव्यवहारातले प्रेम, अशी सुटी गुपिते पेटीतल्या कपड्यांसारखी नुसती पडून राहतात. गुपिताचा दुसऱ्याच्या ताटाशी संबंध हवा. इथे हे शब्दशः घेतले, कारण तंटा मेसचा आहे. मेस मुलेच चालवतात, जेवणारे तीस, आणि मल्लिनाथ सेक्रेटरी. ऑक्टोबरअखेर ८४० रुपये तूट आली. माणशी २८. यातली २४० खरी तूट, डाळ महागल्याची. उरलेले ६०० मल्लिनाथने नामदेवला उसने दिले आहेत, कारण नामदेवने घरून आलेला वसतिगृहाचा हप्ता उडवला, आणि कार्तिकीच्या गर्दीनंतर दुकानातून फेडण्याचे वचन दिले. रफिक रात्री श्रीनिवाससाठी फाटकाची कडी काढतो. आणि अनंतने रेक्टरांना निनावी चिठ्ठी टाकली आहे: मेसच्या पैशांची आणि रात्री बाहेर जाणाऱ्यांची चौकशी करा. पैसे कोणी घेतले आणि बाहेर कोण जातो, हे त्याला ठाऊक नाही.

कोणाला काय ठाऊक आहे, हे लेखकाने कागदावर मांडून भिंतीला लावावे. आम्ही ते न केल्याने एका मसुद्यात रफिकला उसनवारी ठाऊक असल्यासारखे बोलवून बसलो होतो, आणि सगळा प्रवेश कोसळला. त्या कागदावरून घट्ट जोड्याही आपोआप दिसतात: मल्लिनाथ-नामदेव, रफिक-श्रीनिवास, आणि दोघांच्याही विरुद्ध नकळत उभा असलेला अनंत.

महिनाअखेरची रात्र, पाचही जण खोलीत.

"वही दाखव, मल्लू."

"कोठीत आहे. डाळ महागली, ठाऊक आहे ना."

"किती महागली?"

"यंदा पाऊस कुठं झाला धड? आमच्याकडं निम्मी पोती आली."

"मी पाऊस नाही विचारला, सेक्रेटरी. भाव विचारला."

"अरे अन्या, अठ्ठावीस रुपये ते काय! कार्तिकी होऊ दे, तुम्हा चौघांचे मी भरतो."

"कशाला भरतो? अठ्ठावीस म्हणजे एक रात्र जाते."

"कसली रात्र?"

"अभ्यासाची रे. साडेनऊ झाले, दहाला फाटक बंद. पान खायला कोण येतंय?"

नावे मुद्दाम गाळली आहेत. हीच परीक्षा. नावे झाकून बाड कोणाला तरी वाचायला द्यावे, आणि कोणते वाक्य कोणाचे हे त्याने सांगावे. जिथे तो चुकतो तिथे वाक्य खोडावे, उच्चार बिघडवून ओळख पटवू नये. वरच्या प्रवेशात पहिल्या मसुद्यात नामदेवचे वाक्य रफिकला दिलेले होते. वाचणारा अडखळला, कारण रफिकला त्यात काही लपवायचे नव्हते. ऋणकोच औदार्य दाखवतो, म्हणून ते नामदेवचेच.

श्रीनिवासचे गुपित त्याच्या मापातूनच निसटले, हेही पाहावे. लेखकाने ते सांगितले नाही. अनंतने 'मल्लू'चे 'सेक्रेटरी' केले, त्या एका संबोधनाने घर्षण कळले, कोणाला टेबलावर मूठ आपटावी लागली नाही. मित्रांत टोपणनावावरून हुद्द्यावर किंवा आडनावावर आले की समजावे, काहीतरी तुटले. आमच्या बैठकांतही 'अण्णा'चे 'अध्यक्षमहाराज' झाले की आम्ही चहा मागवतो.

एक मर्यादा सांगितली पाहिजे. पाचही गुपिते शेवटी उघडी करण्याचा मोह होतो, आणि मग शेवटची दहा मिनिटे कबुलीजबाबांची रांग लागते. आम्ही तीनच उघडी केली. रेक्टरांनी फाटकाला कुलूप घातले, तेव्हा रफिक-श्रीनिवासचे उघडे पडले. नामदेवचे तेव्हाच, कारण श्रीनिवासला खाट सोडावी लागणार हे दिसताच मल्लिनाथने ६०० रुपयांचा खरा हिशेब खोलीत वाचला, आणि तूट माणशी आठच निघाली. मल्लिनाथचा मोह, की ते पैसे देताना आपण मोठे झालो असे त्याला वाटले, हा प्रेक्षकाने ओळखावा. आणि अनंतची चिठ्ठी कोणालाच कळली नाही. पुढच्या महिन्यात वही आता त्याच्याकडे आहे. तो हिशेब पैशापर्यंत बरोबर वाचतो, चौघांची नावे घेतो, आणि पाचव्या खाटेची गादी गुंडाळलेली आहे.