मालवाहतुकीच्या बिलाची पडताळणी

निफाड तालुक्यातून वाशीच्या बाजारात कांदा पाठविणाऱ्या शेतकरी गटाकडे महिनाअखेरीस वाहतूकदाराचे बिल येते. ते तपासताना बहुधा गुणाकार व बेरीजच पाहिली जाते. ती सहसा बरोबरच असते. चूक असते ती ज्या वजनावर भाडे आकारले त्या वजनात.

पडताळणीस तीन कागद लागतात : आपली जावक नोंदवही, प्रत्येक खेपेची बिल्टी आणि वजनकाट्याची पावती. बिलातील प्रत्येक ओळ बिल्टी क्रमांकावरून नोंदवहीत शोधावी. गाडीचा क्रमांक किंवा तारीख यांवर विसंबू नये, कारण एकच गाडी महिन्यात अनेकदा येते.

एक उदाहरण घेऊ. भाडे क्विंटलला १२० रुपये, काट्यावरील निव्वळ वजनाप्रमाणे ठरले आहे. एका खेपेत २०० गोण्या गेल्या. काट्याच्या पावतीवर वजन १०१ क्विंटल २० किलो आहे. बिलात मात्र गोणीला ५५ किलो धरून ११० क्विंटलचे १३,२०० रुपये लावले आहेत. खरे भाडे १२,१४४ रुपये होते. म्हणजे एका खेपेत १,०५६ रुपये जास्त. गाडी भरल्याबरोबर काटा होण्यापूर्वीच बिल्टी फाडली जाते व तीत अंदाजी वजन पडते, म्हणून असे घडते. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्यानुसार बिल्टीवरील वजन हा प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. तेव्हा काट्याचे वजन व पावतीचा क्रमांक बिल्टीवर लिहवून घेतल्यावाचून गाडी सोडू नये.

दुसरी चूक महिन्याच्या सांध्यावर होते. ३१ तारखेस रात्री निघालेली गाडी १ तारखेस पोचते. तिचे भाडे एकदा निघाल्याच्या तारखेने व पुन्हा पोच मिळाल्याच्या तारखेने लागते. दोन्ही बिले वेगवेगळी पाहिली तर काहीच खटकत नाही. यासाठी नोंदवहीत बिल्टीसमोरच एक रकाना राखून, भाडे चुकते केल्यावर त्यात बिलाचा क्रमांक लिहावा. रकाना आधीच भरलेला दिसला की दुबार आकारणी उघड होते.

प्रत्येक तफावत म्हणजे लबाडी नव्हे. करारात किमान ९० क्विंटलची अट असेल आणि आपण ७० क्विंटलच भरले, तर ९० क्विंटलचे भाडे द्यावेच लागते. कांदा वाटेत थोडा सुकतो. म्हणून भाड्यास कोठल्या काट्याचे वजन धरावयाचे ते आधीच लेखी ठरवावे. खोळंबा आकार लावला असल्यास पोचेवर गाडी आल्याची व रिकामी झाल्याची वेळ पाहावी. ती लिहिलेली नसेल तर वाद सोडविणे कठीण जाते.

तपासणी झाल्यावर सगळे बिल अडवून धरू नये. मान्य रक्कम द्यावी आणि उरलेल्या रकमेबद्दल बिल्टी क्रमांक, काट्याचे वजन व फरक लिहून काट्याच्या पावतीच्या नकलेसह वाहतूकदारास पत्र द्यावे. त्याची पोच घेऊन ती बिलास जोडून ठेवावी.