बोबझारचा तक्ता आणि वर बसलेलं उणे चिन्ह

(कागदावरून पडद्यावर : लेखांक ९)

कोलकात्यात एस्प्लनेडच्या चौकातून उत्तरेकडे थोडं चाललं की जुना बोबझार रस्ता लागतो. आज त्याचं नाव बिपिन बिहारी गांगुली स्ट्रीट. या रस्त्यावर २१० क्रमांकाच्या वास्तूत इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था होती, आणि २८ फेब्रुवारी १९२८ या दिवशी चं. वें. रामन आणि त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांनी तिथेच रामन परिणाम नक्की केला. त्याचं वर्णन ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’च्या दुसऱ्या खंडात छापलं गेलं.

मागच्या आठवड्यात आपण गद्य मजकूर उतरवून काढण्याबद्दल बोललो. आज त्याच काळच्या वर्णपटाच्या तक्त्यांकडे वळू. गद्यात एखादं अक्षर चुकलं तर वाचक संदर्भाने सावरून घेतो. तक्त्यात सावरायला शेजारचा शब्द नसतो. तिथे एक बारीक रेघ गळली तरी आकडा तसाच शहाण्यासारखा दिसत राहतो आणि खोटा होतो.

आधी तक्त्यात असतं काय ते पाहू. पाऱ्याच्या दिव्याचा निळा प्रकाश बेंझीनवर टाकला की विखुरलेल्या प्रकाशात मूळ रेषेखेरीज काही अंधूक नव्या रेषा दिसतात. छायाचित्राच्या काचेवर त्यांची जागा मोजून प्रत्येकीची तरंगलांबी काढतात. ती λ या अक्षराखाली, अँगस्ट्रॉममध्ये. तिच्यावरून तरंगसंख्या, म्हणजे एका सेंटीमीटरमध्ये किती तरंग बसतात ती संख्या. ती ν खाली, आणि तिचं एकक cm⁻¹. मूळ रेषा आणि नवी रेषा यांच्या तरंगसंख्यांमधला फरक म्हणजे Δν. हा फरक रेणूचा स्वतःचा असतो, दिवा बदलला तरी तो बदलत नाही. पुढे बहुतेक तक्त्यांत रेषेची तीव्रता आणि ρ, म्हणजे विध्रुवणाचं गुणोत्तर, असेही रकाने येतात.

नमुन्यासाठी बेंझीनच्या सर्वांत ठळक रेषेच्या दोन ओळी घेऊ. हे आकडे आजच्या सर्वमान्य मूल्यांवरून मांडले आहेत, १९२८च्या छापील पानावरून उचललेले नाहीत.

```
C₆H₆
λ (Å)    ν (cm⁻¹)   Δν (cm⁻¹)
4358.3   22938      —
4555.4   21946      992
```

हा एवढासा तक्ता उतरवताना पहिलं काम आकड्यांचं नसतं, शीर्षकाच्या ओळीचं असतं. तिथलं एक चिन्ह चुकलं की खालचा अख्खा रकाना चुकतो, म्हणून सर्वांत जास्त वेळ तिला द्यायचा. भिंग घेऊन प्रत्येक चिन्ह वेगळं ओळखायचं आणि अनोळखी वाटेल ते लेखाच्या मजकुरात कुठे समजावलं आहे ते शोधायचं. तिरप्या ठशात ग्रीक ν आणि रोमन v जवळजवळ सारखेच दिसतात. आकारावरून ठरत नसेल तर एकक बघायचं. cm⁻¹ असेल तर तरंगसंख्या, म्हणजे ν. सेंटीमीटर प्रति सेकंद असतं तर वेग, म्हणजे v. कधी ν वर आडवी रेघ असते, तीही गाळायची नाही. रेघेविना ν म्हणजे दर सेकंदाची वारंवारता असाही अर्थ त्याच लेखात असू शकतो, आणि 22938 cm⁻¹ची ती वारंवारता 6.88 × 10¹⁴ s⁻¹ इतकी दूर जाते.

ρचं प्रकरण याहून नाजूक. रामन वर्णपटाच्या तक्त्यांत ρ हा आकड्यांचा रकाना असतो, तर p आणि dp या ओळीपुढे लिहायच्या खुणा असतात. p म्हणजे ध्रुवित रेषा, dp म्हणजे विध्रुवित. छायाप्रतीवरून अक्षरं ओळखणारं यंत्र ρ आणि p यांची सर्रास गल्लत करतं. सुदैवाने इथे अर्थच वाट दाखवतो. खाली 0.86 असा आकडा असेल तर शीर्षक ρ, एकटं अक्षर असेल तर ती खूण. आणि 0.86 दिसलं म्हणून बिचकायचं नाही. जुन्या प्रयोगांत साधा, ध्रुवित न केलेला प्रकाश वापरत, आणि तेव्हा ρची कमाल मर्यादा 6/7, म्हणजे सुमारे 0.86, येते. आज लेसरच्या ध्रुवित प्रकाशात ती 0.75 असते. नव्या पुस्तकांवर वाढलेला उतरवणारा इथे ‘दुरुस्ती’ करायला जातो आणि बरोबर असलेलं मोजमाप पुसून टाकतो.

आता वरचे आणि खालचे अंक. C₆H₆ मधला खालचा 6 सपाट होऊन C6H6 झाला तर रसायनशास्त्र जाणणारा ओळखतो. 10⁸ चा 108 झाला तर कुणीच ओळखत नाही. आणि हे हाताच्या चुकीनेच होतं असंही नाही. मजकूर नीट उतरवून ठेवला, पुढे कुणीतरी तो शोधयंत्रासाठी ‘स्वच्छ’ करून घेतला, की असं होतं:

```python
import unicodedata
unicodedata.normalize("NFKC", "10⁸ cm⁻¹")
# '108 cm−1'
```

युनिकोडच्या या रूपात वर बसलेले अंक साध्या अंकांसारखे धरले जातात. शब्दकोशासाठी ते सोयीचं असेल, तक्त्यासाठी ते घातक आहे. NFC हे सौम्य रूप घातांकांना हात लावत नाही, म्हणून तक्त्यांच्या फाइलींना एकरूप करायचंच असेल तर तेच वापरावं. अँगस्ट्रॉमचं Å युनिकोडमध्ये दोन जागी आहे, U+212B आणि U+00C5. NFC पहिल्याचं दुसऱ्यात रूपांतर करतं, आणि त्यात काही बिघडत नाही. μचेही दोन संकेत आहेत, U+00B5 आणि U+03BC, पण NFC त्यांना तसंच सोडतं. म्हणून कुठला वापरायचा ते सुरुवातीलाच ठरवावं, नाहीतर μ शोधताना निम्म्या नोंदी हाती लागत नाहीत.

मराठीत काम करणाऱ्यांपुढे आणखी एक खड्डा आहे, आणि तो आपल्या छपाईच्या सवयींनीच खणला आहे. बरीच वर्षं डीटीपीत ग्रीक अक्षरं सिम्बॉल नावाच्या फाँटने बसवत. तिथे λ असं अक्षर साठवलेलंच नसतं, साठवलेलं असतं l, आणि फाँट त्याला λचा चेहरा देतो. तसंच n चा ν, r चा ρ, D चा Δ. फाइल दुसरीकडे नेली, फाँट बदलला, की मुखवटा उतरतो. अशाने μg चं mg होतं आणि मात्रा हजारपट वाढते. जुन्या डीटीपी फाइलीतून तक्ता घेणार असाल तर तिचा छापील कागद शेजारी ठेवल्याशिवाय काम सुरू करूच नये, असं माझं ठाम मत आहे. तक्ता देवनागरी आकड्यांत उतरवायचा झाला तर अडचण वाढते. घातांक म्हणून वर बसणाऱ्या देवनागरी आकड्यांना युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेत नाहीत. ते मांडणीच्या खुणेने वर चढवावे लागतात, आणि नुसता मजकूर नकलला की खाली कोसळतात. म्हणून मी मूळ तक्ता इंग्रजी आकड्यांतच ठेवते आणि मराठी रूप त्याच्याशेजारी वेगळं देते.

जुनी एककं बदलायचा मोह होतो, तो आवरायचा. १९२८च्या आसपासच्या लेखात अवरक्त तरंगलांब्या नुसत्या μ मध्ये दिलेल्या दिसतील. तो मायक्रॉन. १९६७–६८च्या वजनमापांच्या सर्वसाधारण परिषदेने हे नाव आणि एकटा μ हे चिन्ह रद्द केलं, आता आपण μm लिहितो. उतरवताना मात्र μ तसाच राहू द्यायचा. तो अर्धवट छापलेला μm आहे असं समजून m जोडायचं नाही, आणि अँगस्ट्रॉमचे नॅनोमीटरही करायचे नाहीत. आजचं रूप हवं असेल तर त्याचा वेगळा रकाना करावा.

मग आकडे. दोघांनी बसावं, एकाने छापील पानावरून मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवावं. वाचणाऱ्याने चिन्हंसुद्धा उच्चारायची: ‘सेंटीमीटर, वर उणे एक’, ‘सी, खाली सहा, एच, खाली सहा’. ‘सेंटीमीटर इन्व्हर्स’ असा आपल्या समजुतीचा अर्थ वाचायचा नाही, कारण अर्थ वाचणाऱ्याचं लक्ष कागदावरून उडतं आणि उणे चिन्ह छापलेलं आहे की नाही हे त्याला दिसेनासं होतं.

यानंतरची तपासणी मला सर्वांत आवडते, कारण ती तक्ता स्वतःच करतो. λ अँगस्ट्रॉममध्ये असेल तर 10⁸ ला λने भागलं की तरंगसंख्या मिळायला हवी. आपल्या पहिल्या ओळीत 10⁸ ÷ 4358.3 = 22944.7 येतं, छापलेलं आहे 22938. चूक? दुसरी ओळ पाहू: 10⁸ ÷ 4555.4 = 21952.0, छापलेलं 21946. दोन्हीकडे सहाच्या आसपासचा फरक, दोन्हीकडे एकाच दिशेने. ही चूक नाही. λ हवेतली दिलेली आहे, तर ν निर्वातातली. हवेचा अपवर्तनांक सुमारे 1.00028 आहे, आणि त्याने भागलं की 22938.3 आणि 21945.8 मिळतात. आता समजा टंकताना 4555.4 च्या जागी 4565.4 पडलं असतं. भागाकार 21903.9 आला असता, म्हणजे छापील ν पेक्षा सहाने जास्त असण्याऐवजी बेचाळीसने कमी. सगळ्या ओळींत सारखी सरकलेली तफावत ही पद्धतीची, एकाच ओळीत उडी मारणारी तफावत ही हाताची. शेवटी ν ची वजाबाकी Δν शी जुळते का पाहायचं: 22938 − 21946 = 992.

अवरक्त तरंगलांबी μ मध्ये शेजारी दिली असेल तर आणखी एक दुवा मिळतो. 10⁴ ला 992 ने भागलं की 10.08 μ. रकाने असे एकमेकांवर पहारा देतात. पण तीव्रतेच्या रकान्याला किंवा ρ ला असा पहारेकरी नाही, ते आकडे फक्त डोळ्यांवर अवलंबून. तिथे दोघांनी दोनदा वाचायचं, एवढाच उपाय.

आणि कधीकधी उडी मारणारी ओळ कागदावरही तशीच छापलेली असते. खिळे जुळवणाऱ्याचा हात तेव्हाही चुके. अशा वेळी छापलेला आकडा न बदलता उतरवायचा, त्याला खूण करायची आणि तक्त्याखाली लिहायचं: ‘मूळ छपाईत 4565.4, ν आणि Δν यांवरून 4555.4 अपेक्षित’. नोंदीत कारणही द्यायचं, म्हणजे पुढचा वाचक तेच गणित पुन्हा करून आपल्याशी असहमत होऊ शकेल. कदाचित λ बरोबर असेल आणि ν च चुकलेली असेल. दोन रकाने जुळत नाहीत तेव्हा त्यांतला कुठला खोटा हे तिसऱ्या रकान्याशिवाय ठरत नाही. इथे Δν 992 छापलेला आहे आणि तो छापील ν शी जुळतो, म्हणून आपण λ वर बोट ठेवू शकलो.

पुढच्या आठवड्यात: तळटिपांनी भरलेले तक्ते, आणि खंजिराच्या खुणा कुठे ठेवायच्या.