शीर्षक कोणासाठी? शिकणारा, घेणारा आणि नुसता पाहणारा

‘पैठणी’ हा शब्द यूट्यूबच्या शोधपेटीत अनेक जण टाइप करतात, पण त्या सगळ्यांना एकच गोष्ट हवी असते असे नाही. घरात लग्न ठरलेल्या बाईला साडीचा भाव हवा असतो. पहिल्यांदाच एवढी महागाची खरेदी करणाऱ्याला आपण फसणार तर नाही ना, हे आधी समजून घ्यायचे असते. तिसऱ्याला काहीच घ्यायचे नसते. मागावर मोर कसा उमटतो ते पाच मिनिटे निवांत बघावे, एवढीच त्याची इच्छा असते. शिवाय शांता शेळके यांची ‘पैठणी’ ही कविता किंवा 2022 मध्ये प्रदर्शित झालेला ‘गोष्ट एका पैठणीची’ हा चित्रपट शोधणारेही याच शब्दापाशी येतात. शोधणाऱ्याच्या मनातल्या या गरजेला ‘शोधहेतू’ म्हणतात. लेखाचे किंवा व्हिडिओचे शीर्षक विषयाशी जुळले, पण शोधहेतूशी जुळले नाही, तर माणूस येतो आणि लगेच परत जातो.

हेतूंची पद्धतशीर वर्गवारी आंद्रेई ब्रोडर यांनी 2002 मध्ये मांडली. ते तेव्हाच्या अल्टाव्हिस्टा या शोधयंत्रावर काम केलेले संशोधक. माहितीसाठीचा शोध, एखाद्या ठरावीक संकेतस्थळापर्यंत पोहोचण्यासाठीचा शोध आणि काही व्यवहार करण्यासाठीचा शोध, असे तीन प्रकार त्यांनी केले. व्यवहारात खरेदी होती, तशीच गाणी किंवा चित्रे उतरवून घेणेही होते, म्हणजे घेणारा आणि पाहणारा एकाच टोपलीत होते. दोनच वर्षांनी रोझ आणि लेव्हिन्सन या याहूतल्या संशोधकांनी ती वर्गवारी सुधारली आणि मनोरंजन हा स्वतंत्र हेतू धरला. पुढच्याच वर्षी यूट्यूब सुरू झाले, त्यामुळे ही फोड अगदी वेळेवर झाली म्हणायची. ठरावीक संकेतस्थळ शोधणाऱ्याचा इथे विचार करण्याचे कारण नाही. त्याला कुठे जायचे ते ठाऊक असते आणि शीर्षकाने तो वळत नाही.

हेतू बहुतेकदा मुख्य शब्दात नसतो, त्याला चिकटून येणाऱ्या शब्दांत असतो. ‘कशी ओळखायची’, ‘म्हणजे काय’, ‘फरक’, ‘का’ हे शिकणाऱ्याचे शब्द. ‘किंमत’, ‘भाव’, ‘कुठे मिळेल’, ‘होलसेल’, ‘10 हजारांच्या आत’ हे घेणाऱ्याचे. पाहणाऱ्याचे शब्द मात्र ठरवून सांगता येत नाहीत. तो ‘विणताना’, ‘व्हिडिओ’ असे काही लिहितो, किंवा नुसते ‘पैठणी’ लिहून समोर येईल ते बघतो. मराठी माणूस हे सगळे तीन तऱ्हांनी टाइप करतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. देवनागरीत ‘पैठणी कशी ओळखायची’, रोमन लिपीत paithani kashi olkhaychi आणि इंग्रजीत paithani price. लिपी बदलली तरी हेतू तोच राहतो, म्हणून आधी हेतू ठरवावा आणि लिपीचा विचार नंतर करावा.

काही शब्द फसवे असतात. ‘पैठणी डिझाइन’ हा शोध साडी घेणारी करते, ब्लाउजचे नमुने हवे असलेला शिंपी करतो आणि मेंदी काढणारी मुलगीही करते. अशा वेळी अंदाज बांधण्यापेक्षा तपासून पाहणे सोपे. ब्राउझरची खासगी खिडकी उघडावी, म्हणजे आपल्या जुन्या शोधांचा निकालांवरचा परिणाम कमी होतो. तिथे तो शब्द टाकावा आणि पहिले दहा निकाल पाहावेत. दुकाने आणि किमतीच जास्त असतील, तर शोधणारे बहुतांशी घेणारे आहेत. लेख आणि प्रश्नोत्तरे असतील, तर शिकणारे. व्हिडिओंची रांग वर आली असेल, तर पाहणारे, किंवा जे शिकायचे ते डोळ्यांनी बघून शिकू इच्छिणारे. एखादे शोधयंत्र असंख्य लोकांच्या टिचक्यांवरून हा क्रम लावते, त्यामुळे त्या दहा ओळी हा एक तयार कौल असतो. तो आपल्या मताविरुद्ध गेला तरी मानलेला बरा. दहा निकालांत तिन्ही तऱ्हा सारख्याच दिसल्या, तर तो शब्द एकट्याने शीर्षकात वापरण्याजोगा नाही. त्याला हेतू सांगणारा दुसरा शब्द जोडावाच लागतो.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. समजा, कोणी येवल्याला जाऊन एका विणकराकडे चाळीस मिनिटांचे चित्रण केले. त्यात मागावरचे काम आहे, हातमागाची पैठणी कशी ओळखायची याचे स्पष्टीकरण आहे आणि शेवटी काही साड्यांच्या किमती आहेत. असा व्हिडिओ नेहमी पुढीलसारख्या नावाने चढवला जातो: ‘पैठणी | येवला पैठणी | किंमत | डिझाइन | कशी बनते | संपूर्ण माहिती’. सगळे शब्द घातले म्हणजे सगळे लोक येतील, हा त्यामागचा हिशेब. लोक येतातही. पण किमतीसाठी आलेल्या बाईला पहिली पंचवीस मिनिटे माग दिसतो, शिकायला आलेल्याला ओळखीच्या खुणा कुठे आहेत ते सापडत नाही आणि पाहायला आलेल्याला मधली बोलणी कंटाळवाणी वाटतात. तिघेही मधूनच निघून जातात. यूट्यूबने 2012 पासून नुसत्या दृश्यसंख्येपेक्षा पाहण्यात गेलेल्या वेळाला अधिक वजन द्यायला सुरुवात केली. त्यामुळे असे अर्ध्यावर सोडून जाणे व्हिडिओच्या मुळावर येते.

यावरचा उपाय म्हणजे त्याच चित्रणाचे तीन तुकडे करणे आणि प्रत्येकाला त्याच्या माणसाच्या भाषेत नाव देणे.

शिकणाऱ्यासाठी: ‘हातमागाची पैठणी कशी ओळखायची? पदर उलटून पाहा’. पहिल्या भागात शोधणाऱ्याचाच प्रश्न त्याच्याच शब्दांत आहे. दुसऱ्या भागात उत्तराची दिशा दिली आहे. हातमागावर पदराची नक्षी रंगीत धागे हाताने गुंफून विणली जाते, त्यामुळे उलटी बाजू जवळपास सुलटीसारखीच दिसते. यंत्रमागाच्या साडीत मागे सुटे धागे लोंबत असतात किंवा कापलेले दिसतात. एवढे उत्तर शीर्षकातच सुचवले तर व्हिडिओ कोण बघेल, अशी शंका येते. ती फारशी खरी नाही. शिकणाऱ्याला खूण नुसती ऐकायची नसते, ती डोळ्यांनी पाहून घ्यायची असते. उलट ‘ही एक खूण पाहाल तर थक्क व्हाल’ असल्या शीर्षकावर शिकणारा विश्वास ठेवत नाही.

घेणाऱ्यासाठी: ‘येवला पैठणी किंमत: 15 हजारांच्या आत हातमागाच्या साड्या’. घेणाऱ्याला चार गोष्टी हव्या असतात: माल, ठिकाण, बजेट आणि भाव कधीचा आहे ते. पहिल्या तीन शीर्षकात बसतात. चौथी, म्हणजे महिना आणि वर्ष, थंबनेलवर किंवा शीर्षकाच्या शेवटी देता येते. इथे ‘कशी’, ‘का’ हे शब्द नकोत. घेणारा ते वाचून ‘हे माहितीचे आहे’ असे समजतो आणि पुढे जातो. ‘स्वस्त’ या शब्दाबाबतही जपून राहावे. हातमागाच्या पैठणीला तो शोभत नाही आणि यंत्रमागाची साडी शोधणारा माणूस त्यामुळे चुकीच्या दाराशी येतो.

पाहणाऱ्यासाठी: ‘पैठणीच्या पदरावर मोर विणताना’. प्रश्न नाही, आकडा नाही, ‘संपूर्ण माहिती’ तर मुळीच नाही. पाहणाऱ्याला शीर्षकातून एक दृश्य मिळायला हवे. इथे एक महत्त्वाचा फरक आहे. पाहणारा पुष्कळदा शोधतच नाही. तो यूट्यूबच्या पहिल्या पानावरून किंवा शेजारी सुचवलेल्या व्हिडिओंतून येतो. म्हणून या शीर्षकात शोधशब्द कुठे बसला याला फारसे महत्त्व नसते, शीर्षक थंबनेलच्या जोडीने कसे वाचले जाते याला असते. थंबनेलवर मोर दिसत असेल आणि शीर्षक किमतीबद्दल बोलत असेल, तर दोन्ही वाया जातात.

लांबीचाही प्रश्न आहे. यूट्यूब शीर्षकाला 100 वर्णांची मर्यादा घालते आणि मोबाइलवर त्याहून बरेच कमी दिसतात. शिवाय संगणक काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार वेगळे मोजतो. ‘पैठणी’ आपल्याला तीन अक्षरे दिसते, पण मोजणीत ती पाच होते. म्हणून देवनागरीत ती मर्यादा वाटते त्यापेक्षा लवकर संपते. हेतू सांगणारा शब्द, मग तो ‘किंमत’ असो की ‘कशी ओळखायची’, सुरुवातीच्या चार-पाच शब्दांतच आला पाहिजे. चॅनेलचे नाव, भाग क्रमांक, सणाच्या शुभेच्छा हे सगळे मागे ढकलावे.

शीर्षक जुळले की नाही हे प्रसिद्धीनंतर कळते, आणि त्यासाठी यूट्यूब स्टुडिओतला एक तक्ता पुरेसा होतो. प्रेक्षक कुठून आले या अहवालात ‘यूट्यूब शोध’ उघडला की कोणत्या शब्दांवरून लोक आले आणि प्रत्येक शब्दामागे सरासरी किती वेळ थांबले ते दिसते. ओळख शिकवणाऱ्या व्हिडिओवर ‘पैठणी किंमत’ या शोधातून लोक येत असतील आणि अर्ध्या मिनिटात जात असतील, तर दोष व्हिडिओचा नाही. शीर्षकाने चुकीची माणसे बोलावली आहेत. थंबनेल दिसल्यावर किती टक्के लोकांनी टिचकी मारली हा आकडा अनेक जण आधी पाहतात. यूट्यूबच्याच म्हणण्यानुसार निम्म्या चॅनेलांचा तो आकडा 2 ते 10 टक्क्यांच्या दरम्यान असतो. पण तो एकटा पाहून काही ठरत नाही. टिचक्या भरपूर आणि थांबणे कमी, ही चुकीच्या वचनाची खूण. टिचक्या कमी पण आलेला माणूस शेवटपर्यंत थांबतो, म्हणजे मजकूर ठीक आहे, फक्त शीर्षकातून तो योग्य माणसाला ओळखू येत नाही.

लेखांच्या बाबतीत हेच काम गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये करता येते. शोधनिकालांतूनही आणखी एक इशारा मिळतो. गूगल काही वेळा शोधनिकालात लेखकाने दिलेले शीर्षक बाजूला ठेवून पानावरच्या मथळ्यातून वेगळे शीर्षक दाखवते. असे घडले की शब्दांची गर्दी झाली आहे का किंवा शीर्षक एक आणि मजकूर दुसरा सांगतो आहे का, ते पाहावे.

या वर्गवारीला मर्यादाही आहेत. आज शिकणारी व्यक्ती पुढच्या आठवड्यात घेणारी होते, त्यामुळे ओळखीच्या व्हिडिओखाली किमतीच्या व्हिडिओचा दुवा देणे रास्त आहे. शीर्षकात मात्र दोन्ही घालू नयेत. हेतू ऋतूनुसारही हलतो. तो किती हलला हे पाहायला गूगल ट्रेंड्समध्ये वेबवरचे शोध आणि यूट्यूबवरचे शोध वेगवेगळे निवडता येतात आणि दोन्हीकडचा आलेख बहुधा सारखा नसतो. ओळख शिकवणारा व्हिडिओ वर्षानुवर्षे चालतो, पण किमतीचा भाव बदलताच जुना होतो. यूट्यूबवर प्रसिद्ध झालेल्या व्हिडिओचे शीर्षक केव्हाही बदलता येते, दुवा आणि दृश्यसंख्या तशीच राहते. पण महिना बदलायचा असेल तर आधी बाजारात जाऊन नवे भाव घ्यावेत आणि मगच शीर्षकाला हात लावावा.