थंड कार्ड, तापलेली मेमरी

भाच्याने ठाण्यात एका घरी जुनं ग्राफिक्स कार्ड बघून ठेवलं होतं. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०८०, १० जीबी मेमरीचं. "मामा, पैसे देण्याआधी तू एकदा बघ," म्हणाला. आम्ही पोचलो तेव्हा विक्रेत्याचा कॉम्प्युटर चालू होता आणि पडद्यावर फरमार्कचं ते केसाळ कडं गरगर फिरत होतं. "पंधरा मिनिटं झाली, दादा. एकदाही अडकलं नाही. तापमानही बघा, त्र्याहत्तर." तो सांगत होता ते खरंच होतं. पण या कार्डात जे बहुधा बिघडतं, त्याची परीक्षा त्या कड्याने झालीच नव्हती.

ग्राफिक्स कार्डात मुख्य चिप असते, तिला कोअर म्हणतात. ती चित्राचं गणित सोडवते. तिच्याभोवती मेमरीच्या छोट्या चिप असतात आणि चित्राचा सगळा कच्चा माल त्यांच्यात साठवलेला असतो. फरमार्क कोअरला घाम फोडतं, पण एवढंसं कडं रंगवायला मेमरी फारशी लागत नाही. ३०८० मध्ये जीडीडीआर६एक्स नावाची मेमरी आहे. ती वेगवान आहे, तशीच तापटही. ११० अंशांना पोचली की कार्ड स्वतःहून वेग कमी करतं. त्यात हे कार्ड २०२० च्या सप्टेंबरात आलं आणि पुढची दोन वर्षं अशी हजारो कार्डं इथेरियमच्या मायनिंगला जुंपली गेली. ते काम मेमरीवरच चालायचं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने ती पद्धत सोडली आणि रिकामी झालेली कार्डं जुन्या बाजारात उतरली.

मायनिंग केलेलं कार्ड म्हणजे बाद कार्ड, असं मी मानत नाही. एकाच तापमानाला दिवसरात्र चालणाऱ्या कार्डाला रोज तापून रोज निवण्याचा त्रास कमी होतो, आणि कोअरचा वेग तर मायनिंगवाले मुद्दाम कमी ठेवत. मात्र अशा कार्डाच्या मेमरीने दीर्घकाळ उष्णता सोसलेली असते, म्हणून आधी मेमरीच तपासावी.

मी त्याला कॉम्प्युटर बंद करायला सांगितलं आणि अर्धा तास आम्ही चहा घेत बसलो. त्याला ते चमत्कारिक वाटलं असेल, पण याला कारण आहे. चिपच्या खाली बारीक मण्यांसारखे शेकडो सोल्डरचे सांधे असतात. त्यांना तडा गेला की दोन तऱ्हा होतात. काही सांधे तापल्यावर सुटतात, तर काही तापल्यावर फुगून पुन्हा टेकतात. दुसऱ्या तऱ्हेचं कार्ड गरम असताना उत्तम चालतं आणि सकाळी थंड असताना चालूच होत नाही. बिघडलेलं कार्ड ओव्हनमध्ये किंवा गरम हवेने भाजून काही दिवसांपुरतं चालू करतात, त्यातलंही मर्म हेच. सांधा बरा होत नाही, फक्त तात्पुरता टेकतो. म्हणून बघायला जायच्या आधी फोनवरच सांगावं की आम्ही येईपर्यंत कॉम्प्युटर सुरू करू नका. पोचल्यावर कार्डाच्या मागच्या पत्र्याला हात लावला की पाळलं की नाही ते कळतं.

थंड कार्डावर सुरुवातीचा काळा पडदा, मदरबोर्डाचं बोधचिन्ह आणि बायोसमधली अक्षरं नीट दिसली. इथेच ठिपके किंवा उभ्या रेषा दिसल्या असत्या तर पुढे जायची गरजच नव्हती. पण इथे स्वच्छ दिसणं ही खूण अगदी तोकडी आहे. ड्रायव्हर नसलेल्या विंडोजमध्ये कार्ड फक्त साधं चित्र दाखवतं, मोठं काम करत नाही, आणि अर्धमेलं कार्डही तेवढं निभावतं. "ड्रायव्हर टाकायचा राहिलाय, बाकी ओके आहे," असं कुणी म्हणालं तर ड्रायव्हर समोरच टाकून घ्यावा. अनेक दुखणी ड्रायव्हर चालू झाला की लगेच बाहेर येतात: पडदा काळा होतो, पंखे पूर्ण वेगाने ओरडू लागतात, किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये `Code 43` दिसतो.

मग जीपीयू-झेड उघडलं. या छोट्या फुकट प्रोग्रॅमच्या खिडकीत एकाखाली एक दोन ओळी असतात. वरची ओळ कार्ड आत्ता कोणत्या वेगावर लावलेलं आहे ते सांगते, `Default Clock` ची खालची ओळ मूळ वेग सांगते. मूळ मेमरी ११८८ मेगाहर्ट्झ. वर मात्र ११२५ दिसत होतं. कुणीतरी मेमरीचा वेग उतरवून ठेवला होता.

विक्रेत्याला विचारलं तर त्याने काही लपवलं नाही. "आधी गेममध्ये मधूनच रंगीत चौकोन यायचे. मित्राने आफ्टरबर्नरमध्ये काहीतरी सेटिंग करून दिलं, तेव्हापासून आलेले नाहीत." त्याच्या दृष्टीने दुरुस्ती झाली होती. प्रत्यक्षात मेमरीचं ओझं थोडं हलकं केल्यामुळे दुखणं झाकलं गेलं होतं. आम्ही आफ्टरबर्नरचं रीसेट बटण दाबलं आणि विंडोज सुरू होताना ते सेटिंग आपोआप लागायचं, तेही बंद केलं. जीपीयू-झेडच्या दोन्ही ओळी जुळल्या. खरी तपासणी तिथून सुरू झाली.

एका बाजूला एचडब्ल्यूइन्फो लावलं, कारण त्यात `GPU Memory Junction Temperature` ही ओळ मिळते. नेहमी दाखवलं जाणारं तापमान कोअरचं असतं. मघाचे त्र्याहत्तर अंशही कोअरचेच होते. दुसऱ्या बाजूला हा प्रोग्रॅम चालवला:

```
memtest_vulkan
```

इन्स्टॉल करावा लागत नाही, काळ्या खिडकीत चालतो. मेमरीचा जवळजवळ सगळा मोकळा भाग तो आकड्यांनी भरतो, पुन्हा वाचतो आणि लिहिलेलं तेच परत आलं का ते पडताळतो. साधारण पाच मिनिटांत पहिली फेरी होते. पडद्यावर चित्र वगैरे काही नसतं, म्हणून विक्रेत्यांना तो कंटाळवाणा वाटतो. मला मात्र जुन्या कार्डासाठी याहून प्रामाणिक परीक्षा माहीत नाही. गेममधल्या एका ठिपक्याचा रंग चुकला तर डोळ्याला कळतही नाही, पण या प्रोग्रॅमच्या नजरेतून एक बिटही सुटत नाही.

पहिली तीन मिनिटं काही झालं नाही. मेमरी ८० वरून ९६ पर्यंत चढली. चौथ्या मिनिटाला तिने शंभरी ओलांडली आणि लाल अक्षरांत `Error found` ची पहिली ओळ उमटली. मग दुसरी, मग ओळींवर ओळी. कोणता बिट चुकला हेही तो सांगतो, आणि आमच्याकडे दर वेळी तोच बिट चुकत होता. चुका विखुरलेल्या असत्या तर मी वीजपुरवठ्यावर किंवा सगळ्याच मेमरीच्या तापण्यावर संशय घेतला असता. एकच बिट पुन्हा पुन्हा चुकणं म्हणजे बहुधा एकच चिप किंवा तिच्याकडे जाणारा एकच सांधा.

भाच्याला डोळ्यांनी बघायचं होतं, म्हणून सुपरपोझिशन हा बेंचमार्क लावला. सहाव्या मिनिटाला वर्गखोलीच्या भिंतीवर हिरवट-गुलाबी चौकोन उगवले, सारख्या अंतरावर, ठिपक्यांच्या रांगोळीसारखे. चित्रातल्या अशा बिघाडाला आर्टिफॅक्ट म्हणतात आणि तो वाचता येतो. मेमरी चुकली की चुकीला शिस्त असते: चौकोन, रेघा, तोच नमुना पुन्हा पुन्हा, कारण चित्राचे तुकडे मेमरीत ठरावीक क्रमाने वाटून ठेवलेले असतात. कोअर चुकला की आकारच मोडतात. एखाद्या पात्राच्या खांद्यातून लांबलचक त्रिकोणी सुळका निघून पडद्याच्या टोकापर्यंत जातो, नाहीतर वस्तू लुकलुकत गायब होतात. एकाच गेममध्ये आणि दर वेळी त्याच जागी दिसणारा दोष मात्र बऱ्याचदा गेमचा किंवा ड्रायव्हरचा असतो.

आणखी एक साधी खूण आहे. चौकोन दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्यायचा आणि तो फोनवर किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडायचा. चौकोन तिथेही असतील तर चित्र कार्डात तयार होतानाच बिघडलंय. चित्र स्वच्छ असेल तर संशय केबलवर, मॉनिटरवर किंवा कार्डाच्या त्या पोर्टवर जातो. चांदण्यांसारखे क्षणभर चमकणारे पांढरे ठिपके पुष्कळदा केबलचे असतात, आणि केबल बदलली की जातात. आमचा स्क्रीनशॉट भाच्याच्या फोनवर उघडला. चौकोन तिथेही होते.

या परीक्षांना मर्यादा आहेत. ३०८० मध्ये कोअर आणि मेमरी यांच्यातल्या वाटेवर माहिती बिघडली तर ती ओळखून पुन्हा मागवण्याची सोय आहे. त्यामुळे ती वाट अधू झाली तर चौकोन न दिसता कार्ड नुसतं मंदावतं. म्हणून बेंचमार्कचे गुण त्याच मॉडेलच्या नेहमीच्या गुणांशी ताडून बघावेत. थ्रीडीमार्कची स्ट्रेस टेस्ट तोच देखावा वीस वेळा चालवते आणि वेग किमान ९७ टक्के स्थिर राहिला तरच पास करते. कार्ड तापत जाऊन दमतं का, ते तिथे कळतं. उलट तपासताना सगळा कॉम्प्युटरच खाडकन बंद पडला तर आधी पॉवर सप्लाय बघावा. ३२० वॅटचं हे कार्ड क्षणभर त्याहून बरीच जास्त वीज ओढतं आणि कमकुवत सप्लाय हार मानतो. तो दोष कार्डाच्या माथी मारू नये.

आम्ही कार्ड घेतलं नाही. मी विक्रेत्याला त्या लाल ओळींचा फोटो पाठवला आणि सांगितलं की बीजीएचं काम करणाऱ्या कारागिराला हाच दाखवा, कोणती चिप बदलायची ते शोधायला त्याला सोपं जाईल. लॅमिंग्टन रोडवर असं काम करणारे मिळतात. मात्र बदललेल्या चिपची हमी लेखी मागा, असंही म्हणालो.

दोन दिवसांनी भाच्याने त्याची जाहिरात दाखवली. किंमत उतरवली होती आणि खाली नवी ओळ होती: "मेमरीत एरर आहे, रिपेअर करणाऱ्यांसाठी." सोबत आमचाच फोटो.